मेसमधली मुलं आणि मॅट्रिक्सचं स्वतःचं समीकरण

समजा, एका कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन मेस आहेत, एक जुनी आणि एक नवी. आसपासच्या खोल्यांवर राहणारी हजार मुलं या दोन्हींपैकी कुठेतरी जेवतात. महिना भरला की काही जण मेस बदलतात. जुनीतली शंभरातली वीस मुलं नवीकडे जातात, नवीतली शंभरातली तीस जुनीकडे येतात. दर महिन्याला हेच प्रमाण राहतं असं धरू. आज जुनीकडे ७०० आणि नवीकडे ३०० मुलं आहेत. वर्षभरानं चित्र काय असेल? आणि गेल्या महिन्यात, त्याच्याही आधीच्या महिन्यात काय होतं?

या अदलाबदलीची सगळी माहिती चार संख्यांत मावते. पहिला स्तंभ जुन्या मेसचा: ८० टक्के मुलं तिथेच राहतात, २० टक्के जातात. दुसरा स्तंभ नव्या मेसचा: ३० टक्के जातात, ७० टक्के राहतात.

```
M = | 0.8   0.3 |
    | 0.2   0.7 |
```

पुढच्या महिन्याचा आकडा काढायचा तर आजच्या आकड्यांना M लावायचा. जुनीकडे ७०० चे ८० टक्के म्हणजे ५६०, आणि ३०० चे ३० टक्के म्हणजे ९०, मिळून ६५०. उरलेली ३५० नवीकडे. त्याच्या पुढच्या महिन्यासाठी पुन्हा M लावायचा. वर्षभराचं उत्तर हवं तर M ला स्वतःशीच गुणत बाराव्या घातापर्यंत जावं लागेल. मागे जायचं असेल तर M चं काम उलटवणारा मॅट्रिक्स लागेल, म्हणजे M चा व्यस्त. वरवर पाहता या दोन वेगळ्या कटकटी आहेत. पहिलीत गुणाकारांची रांग आहे, दुसरीत सहअवयव आणि त्यांची चिन्हं सांभाळत बसणं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘केली-हॅमिल्टन’ या जोडनावानं शिकवला जाणारा सिद्धांत या दोन्ही कटकटी एकाच समीकरणातून सोडवतो, आणि तोही असा की दुसरा मॅट्रिक्स शोधायला बाहेर जावंच लागत नाही.

हे समीकरण मॅट्रिक्सच्या आतूनच येतं. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सला त्यासाठी दोनच संख्या पुरतात. मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज ०.८ + ०.७ म्हणजे १.५, आणि दहावीत क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक, ०.८ × ०.७ वजा ०.३ × ०.२ म्हणजे ०.५. त्यांवरून हे वर्गसमीकरण मांडायचं:

```
λ² − 1.5λ + 0.5 = 0
```

याला मॅट्रिक्सचं लाक्षणिक समीकरण म्हणतात. कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून λ वजा करून निश्चयक काढला आणि तो शून्य मानला की नेमकं हेच समीकरण मिळतं. त्याची मुळं १ आणि ०.५ आहेत. त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. काही खास दिशा अशा असतात की त्या दिशेतल्या आकड्यांना M लावला तर दिशा बदलत नाही, फक्त आकडे काही पट होतात. ती पट म्हणजे ही मुळं.

आता सिद्धांत. समीकरणात λ च्या जागी खुद्द M ठेवा, आणि शेवटच्या सुट्या संख्येला एकक मॅट्रिक्स I जोडा. उत्तर शून्य मॅट्रिक्स येतं. म्हणजे

```
M² = 1.5 M − 0.5 I
```

पडताळून पाहायला एक मिनिटही लागत नाही. M² चा डावीकडचा वरचा घटक ०.६४ + ०.०६ म्हणजे ०.७०. उजव्या बाजूला १.२ − ०.५, तेही ०.७. वरचा उजवा घटक ०.२४ + ०.२१ = ०.४५, आणि उजव्या बाजूला १.५ × ०.३ = ०.४५. खालचे दोन घटकही असेच जुळतात.

या एका ओळीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. M चा वर्ग ही नवी वस्तू नाही. M आणि I यांच्या ठरावीक मापांच्या मिश्रणातून तो तयार होतो. मग M³ म्हणजे M गुणिले M², म्हणजे १.५M² − ०.५M, आणि त्यातला M² पुन्हा M आणि I मध्ये मोडतो. घात कितीही मोठा असो, अखेर तो ‘काही पट M अधिक काही पट I’ एवढ्यावर येऊन थांबतो. शोधायच्या असतात त्या फक्त दोन संख्या.

त्या शोधायला नववीतला शेष सिद्धांत पुरेसा आहे. λ¹² ला आपल्या वर्गबहुपदीनं भागा. भागाकार काय येईल याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. बाकी जास्तीत जास्त पहिल्या घाताची, म्हणजे aλ + b अशी असेल.

```
λ¹² = (λ² − 1.5λ + 0.5) · Q(λ) + aλ + b
```

λ च्या जागी मुळं ठेवली की कंस शून्य होतो आणि भागाकाराचा पत्ता कटतो. λ = 1 ठेवल्यास a + b = 1. λ = 1/2 ठेवल्यास a/2 + b = 1/4096, कारण २ चा बारावा घात ४०९६ आहे. ही दोन समीकरणं सोडवली की a = 4095/2048 आणि b = −2047/2048. आता त्याच ओळीत λ ऐवजी M ठेवा. कंस आताही शून्य होतो, कारण सिद्धांतच तसं सांगतो. उरतं M¹² = aM + bI:

```
M¹² ≈ | 0.6001   0.5999 |
      | 0.3999   0.4001 |
```

बारा महिन्यांची उलाढाल एकही मॅट्रिक्स-गुणाकार न करता हाती आली. दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे झाले आहेत हे पाहण्यासारखं आहे. मूल सुरुवातीला कुठल्या मेसमध्ये होतं याला वर्षभरानं काही अर्थ उरत नाही. कुठूनही निघा, ६०० मुलं जुनीकडे आणि ४०० नवीकडे असतात. बाराऐवजी n घेतला तर a ची किंमत 2 − 2/2ⁿ येते आणि b ची 2/2ⁿ − 1. n वाढत गेला की ही मापं २ आणि −१ कडे सरकतात, आणि कायमचं चित्र 2M − I मध्ये दिसतं. त्यात दोन्ही स्तंभ अगदी ०.६ आणि ०.४ आहेत.

आता मागे वळू. M² − 1.5M + 0.5I = 0 या ओळीला M च्या व्यस्तानं गुणा. प्रत्येक पदाचा घात एकेकानं उतरतो आणि शेवटच्या पदात व्यस्त स्वतः प्रकट होतो: M − 1.5I + 0.5M⁻¹ = 0. म्हणून

```
M⁻¹ = 3I − 2M = |  1.4   −0.6 |
                | −0.4    1.6 |
```

आजच्या ७०० आणि ३०० ला हा लावला तर गेल्या महिन्यात ८०० आणि २०० मुलं होती असं कळतं. आणखी एक महिना मागे गेलो तर १००० आणि शून्य. आणखी मागे जाऊ पाहिलं तर १४०० आणि उणे ४००! उणे चारशे मुलं कुठल्याच मेसमध्ये जेवत नाहीत. म्हणजे हे प्रमाण दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालं असणार. नवी मेस उघडली तेव्हा हजारही मुलं जुनीकडेच होती, आणि त्याआधी ही अदलाबदल नव्हतीच. चार दशांशांचा मॅट्रिक्स नवी मेस कधी उघडली ते सांगतो, हे मला फार सुंदर वाटतं.

मात्र मागे जाताना सांभाळावं लागतं. वर्षभर मागे गेलो तर आजच्या मोजणीतली एका मुलाची चूक, म्हणजे एक मूल चुकून दुसऱ्या मेसमध्ये मोजलं गेलं, तर मागच्या आकड्यात ४०९६ मुलांची होते. कारण सरळ आहे. पुढे जाताना तफावत दर महिन्याला निम्मी होते, तर मागे जाताना ती दुप्पट होणारच. सूत्र बरोबर असतं, गुणाकारही बरोबर असतो, तरीही उत्तरावर विसंबता येत नाही. व्यस्त मॅट्रिक्स वापरण्यापूर्वी निश्चयक शून्याच्या किती जवळ आहे हे पाहावं. M¹² चा निश्चयक ०.५ चा बारावा घात, म्हणजे १/४०९६ आहे. इथे ती धोक्याची घंटाच आहे.

निश्चयक शून्यच असेल तर? लाक्षणिक समीकरणातलं सुटं पद निश्चयकावरूनच येतं, दोन बाय दोनमध्ये तर ते तोच असतं. तो शून्य असला की व्यस्ताला गुणणारी संख्याच नाहीशी होते आणि त्याला बाजूला काढायला काही उरत नाही. सिद्धांत चुकत नाही, तो उत्तर नसल्याचं सांगतो. मुलं दर महिन्याला नाणेफेक करून मेस निवडत असतील तर चारही जागी ०.५ येईल, निश्चयक शून्य होईल, आणि मागच्या महिन्यात काहीही असलं तरी आज दोन्हीकडे पाचशे-पाचशेच दिसतील. भूतकाळ पुसला गेला, तो कुठल्याच सूत्रानं परत मिळणार नाही.

तीन बाय तीनलाही रीत हीच, पण समीकरण मांडताना मुलं हमखास एका जागी अडखळतात. हा मॅट्रिक्स घ्या.

```
A = | 1  2  0 |
    | 0  1  1 |
    | 1  0  2 |
```

इथे तीन संख्या लागतात. कर्णाची बेरीज ४. निश्चयक ४. आणि मधल्या पदासाठी कर्णावरच्या घटकांचे उपनिश्चयक: पहिली ओळ आणि पहिला स्तंभ झाकून उरणाऱ्या चौकटीचा २, दुसरी जोडी झाकून २, तिसरी झाकून १, मिळून ५. कर्णाबाहेरचे उपनिश्चयक यात मिसळायचे नाहीत, गोंधळ तिथेच होतो. समीकरण होतं λ³ − 4λ² + 5λ − 4 = 0, म्हणून A³ − 4A² + 5A − 4I = 0, आणि व्यस्तानं गुणल्यावर

```
A⁻¹ = (A² − 4A + 5I) / 4

A²  = | 1  4  2 |          A⁻¹ = 1/4 |  2  −4   2 |
      | 1  1  3 |                    |  1   2  −1 |
      | 3  2  4 |                    | −1   2   1 |
```

A ला या उत्तरानं गुणून I येतो का ते पाहावंच. पहिली ओळ १, २, ०. पहिल्या स्तंभाशी गुणली तर २ + २ = ४, आणि बाहेरच्या १/४ मुळे १. दुसऱ्या स्तंभाशी −४ + ४ = ०. इथे काही जुळलं नाही तर दोषी बहुधा सुटं पद असतं. कोणी ५ ला I जोडायचं विसरून पाच ही संख्या मॅट्रिक्सच्या नऊही घटकांत मिळवतं, आणि तिथे सगळं बिघडतं.

घाताच्या बाबतीत दुसरी अडचण मुळं सारखी असली की येते. B = | 3 1 ; −1 1 | घ्या, अर्धविरामाच्या पुढे दुसरी ओळ. बेरीज ४, निश्चयक ४, समीकरण (λ − 2)² = 0. दोन मापं शोधायची आहेत, पण मूळ एकच आहे, त्यामुळे समीकरणही एकच मिळतं: 2¹⁰ = 2a + b. दुसरं समीकरण कुठून आणायचं? भागाकाराच्या ओळीचं λ च्या संदर्भात विकलन करायचं. कंस दुहेरी असल्यामुळे विकलनानंतरही λ = 2 ला तो शून्य होतो, आणि उरतं 10·2⁹ = a. म्हणजे a = ५१२० आणि b = १०२४ − १०२४० = −९२१६.

```
B¹⁰ = | 6144    5120 |
      | −5120  −4096 |
```

उत्तर तपासायचं साधन हाताशीच आहे. कुठल्याही घाताचा निश्चयक मूळ निश्चयकाच्या तेवढ्याच घाताइतका असला पाहिजे. इथे ५१२० चा वर्ग २,६२,१४,४०० आणि त्यातून ६१४४ × ४०९६ म्हणजे २,५१,६५,८२४ वजा केले की १०,४८,५७६, अगदी ४ चा दहावा घात. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. परीक्षेतही ते सोडू नये.

हे सगळं खरं का आहे? वर्गात एक चटपटीत ‘सिद्धता’ फिरत असते: लाक्षणिक बहुपदी म्हणजे A − λI चा निश्चयक, त्यात λ ऐवजी A ठेवला तर A − A म्हणजे शून्य, आणि शून्याचा निश्चयक शून्य. ही सिद्धता चूक आहे. निश्चयकातला λ ही कर्णावरच्या एकेका जागी बसणारी संख्या आहे, तिथे अख्खा मॅट्रिक्स बसत नाही. शिवाय त्या युक्तिवादातून ० ही संख्या मिळते, आपल्याला मात्र शून्य मॅट्रिक्स हवा आहे. चूक उघडी पाडायची तर निश्चयकाऐवजी कर्णाची बेरीज घ्या. आपल्या M साठी M − λI च्या कर्णाची बेरीज 1.5 − 2λ आहे. त्याच चालीनं λ च्या जागी M ठेवला तर 1.5I − 2M शून्य यायला हवा. तो येत नाही, त्याचा पहिलाच घटक −०.१ आहे. जी चाल बेरजेला लावून खोटं उत्तर देते, ती निश्चयकाला लावून खरं उत्तर निघालं तरी तिला सिद्धता म्हणता येत नाही.

दोन बाय दोनसाठी खरी सिद्धता मात्र पोस्टकार्डावर मावेल. वरची ओळ p, q आणि खालची r, s असू द्या. वर्गाचे कर्णाबाहेरचे घटक q(p+s) आणि r(p+s) येतात, म्हणजे मूळ घटकांच्या p+s पट. म्हणून वर्गातून (p+s) पट मॅट्रिक्स वजा केला की ते नाहीसे होतात. कर्णावर दोन्ही जागी qr − ps उरतं, म्हणजेच उणे निश्चयक. सिद्धांत तिथेच पुरा होतो. मोठ्या मॅट्रिक्ससाठी A − λI ला त्याच्या सहअवयवांच्या मॅट्रिक्सच्या परिवर्तानं गुणतात. त्यातून I च्या जेवढ्या पट निश्चयक तेवढं मिळतं, आणि दोन्ही बाजूंच्या λ च्या सारख्या घातांचे सहगुणक जुळवत गेलं की सिद्धांत निघतो.

आर्थर केली यांनी १८५८ साली मॅट्रिक्सवरचा आपला निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला, तेव्हा त्यांनी दोन बाय दोनचीच आकडेमोड मांडली होती. तीन बाय तीनसाठी आपण ती पडताळली आहे असं त्यांनी नमूद केलं आणि सर्वसाधारण सिद्धतेच्या खटपटीत पडण्याची गरज त्यांना वाटली नाही. त्या वर्षी ते लंडनमध्ये वकील होते, मालमत्तेच्या हस्तांतराचे दस्तऐवज करत. केंब्रिजची प्राध्यापकी त्यांना १८६३ मध्ये मिळाली. डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांना हाच संबंध आधी, १८५३ च्या क्वाटर्निअनवरच्या व्याख्यानांत, एका विशिष्ट रूपात दिसला होता. कुठल्याही आकाराच्या मॅट्रिक्ससाठीची सिद्धता जर्मन गणिती फ्रोबेनियस यांनी १८७८ साली दिली. नावात ते नाहीत, हे मला खटकतं.

मग पन्नास बाय पन्नासचा व्यस्त काढायला संगणक ही रीत वापरतो का? नाही, आणि वापरूही नये. आकार वाढला की लाक्षणिक बहुपदीचे सहगुणक अवाढव्य होतात आणि दशांशातल्या बारीकशा काटछाटीनंही मुळं भलतीकडे जातात. ब्रिटिश गणिती जेम्स विल्किन्सन यांनी १ ते २० ही मुळं असलेली बहुपदी घेऊन हे दाखवलं. तिच्यातला −२१० हा एक सहगुणक २ च्या तेविसाव्या घाताच्या व्यस्ताइतका, म्हणजे साधारण एक कोटीव्या भागाएवढा बदलला, तर वीसपैकी दहा मुळं वास्तव संख्याच राहत नाहीत. म्हणून संगणकातली प्रणाली व्यस्त हवा असल्यास मॅट्रिक्सचे त्रिकोणी अवयव पाडते, आणि आयगेनव्हॅल्यू काढतानाही ही बहुपदी मांडत नाही. पूर्णांकांचा वा अपूर्णांकांचा छोटा मॅट्रिक्स असेल, उत्तर नेमकं हवं असेल किंवा n साठी सूत्र हवं असेल, तिथे मात्र केली-हॅमिल्टनच कामी येतो.

मोठ्या आकारांत सिद्धांताचं काम आकडेमोडीचं नाही, मर्यादा सांगण्याचं आहे. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० च्या सुमारास नियंत्रणशास्त्राची मांडणी केली, तेव्हा प्रश्न असा होता: एखाद्या यंत्रणेची स्थिती n संख्यांनी सांगता येते, प्रत्येक टप्प्याला ती A नं बदलते, आणि बाहेरून आपण B मार्फत हवा तेवढा धक्का देऊ शकतो. शून्यापासून निघून कुठकुठल्या स्थितींना पोचता येईल? पहिला धक्का B च्या दिशेनं नेतो, एक टप्पा जुना झालेला धक्का AB च्या दिशेनं, पुढचा A²B च्या. ही यादी अनंत दिसते, पण Aⁿ हा आधीच्या घातांचंच मिश्रण असल्यामुळे Aⁿ⁻¹B च्या पुढे एकही नवी दिशा मिळत नाही. म्हणून n टप्प्यांत जिथे पोचता आलं नाही, तिथे हजार टप्पे दिले तरी पोचता येत नाही.